चोवीस तास कोणासाठी? : एका माहितीपत्रकाचे संपादन

'संपादन' हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर हस्तलिखिते आणि पाठभेद उभे राहतात. मलाही तसेच वाटत असे. परंतु गेल्या वर्षी एका पानाचे सदस्यत्वाचे पत्रक दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि उपयोजित मराठीच्या तासाला जे कळले नव्हते ते त्या एका पानाने शिकवले. तो अनुभव येथे मांडत आहे.

कॉलेज सुटल्यावर मी नाशिकमधील एका को-वर्किंग स्पेसच्या स्वागतकक्षात काम करतो. एकाच मोठ्या कचेरीत निरनिराळ्या व्यवसायांच्या लोकांनी खुर्ची, टेबल वा केबिन भाड्याने घेऊन काम करायचे, अशी ही व्यवस्था. २००५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ब्रॅड न्यूबर्ग यांनी या नावाने अशी जागा प्रथम सुरू केली. आमच्याकडे तीन मुख्य प्लॅन आहेत. डे पास म्हणजे एका दिवसापुरती जागा. हॉट डेस्क म्हणजे महिनाभर येता येते, पण जी खुर्ची मोकळी असेल ती घ्यायची. डेडिकेटेड डेस्क म्हणजे आपले ठरलेले टेबल, ज्यावर आपले सामान ठेवून जाता येते.

आमच्या जुन्या पत्रकाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापले होते : 'चोवीस तास प्रवेश'. परदेशी ग्राहकांसाठी अनुवादाचे काम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांचे फोन रात्री साडेआठनंतर असत. 'पहिला दिवस मोफत' पाहून त्यांनी एक दिवस चाचणी घेतली, जागा पसंत पडली, हॉट डेस्कचे महिन्याचे पैसे व अनामत भरली. पहिल्याच रात्री आठ वाजता त्यांना उठावे लागले. चोवीस तास प्रवेश फक्त डेडिकेटेड डेस्कला होता, आणि ही गोष्ट पत्रकाच्या तळाशी फुलीच्या खुणेपुढे बारीक अक्षरांत होती. मोफत दिवसाची वेळ दहा ते पाच असल्याने चाचणीतही ते उघड झाले नाही. अनामत परत मिळाली, महिन्याचे भाडे मात्र गेले. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी मला एवढेच विचारले, "भाऊ, हे चोवीस तास कोणासाठी लिहिलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

मालकांच्या परवानगीने मी ते पत्रक घरी नेले. पहिला दोष दाखवला तो माझ्या वडिलांनी. ते बाजार समितीत हमाली करतात, सातवीपर्यंत शिकलेले आहेत. दर वाचून त्यांनी विचारले, "हे कशाला? आमच्यात आधी विचारतात, पोत्याला की क्विंटलला." मी पुन्हा पाहिले. हॉट डेस्कपुढे ४,५०० रुपये 'कर वेगळा' असे होते, तर डेडिकेटेड डेस्कपुढे ६,५०० रुपये 'सर्व धरून'. वाचणाऱ्याला फरक २,००० रुपयांचा वाटे. १८ टक्के जीएसटी धरला की हॉट डेस्क ५,३१० रुपयांना पडतो, आणि खरा फरक उरतो ११९० रुपयांचा. म्हणजे ज्याला रात्री बसायचे आहे तोही महाग समजून योग्य प्लॅन सोडून देत होता. तेव्हा पहिला नियम केला : प्रत्येक दर हातातून जाणाऱ्या पूर्ण रकमेत लिहायचा, आणि पुढे दिवसाला की महिन्याला हे सांगायचे.

दुसरा दोष मांडणीचा. प्रत्येक प्लॅनचा स्वतंत्र परिच्छेद होता, आणि प्रत्येकात गोष्टींचा क्रम वेगळा. एकात वेळ आधी, दुसऱ्यात चहा आधी, तिसऱ्यात वेळेचा उल्लेखच नाही. तुलना करायची तर बोट वर-खाली फिरवावे लागे. मी प्लॅन बाजूला ठेवून ग्राहकांचे प्रश्न लिहून काढले आणि एका प्रश्नाला एक ओळ दिली. वायफाय, चहा, पिण्याचे पाणी या सोयी तिन्ही प्लॅनमध्ये सारख्याच होत्या, म्हणून त्या तक्त्यातून काढून वर एका वाक्यात घातल्या. ज्यात फरक नाही त्याची तुलना ती काय करायची? केबिनचा दर माणसांच्या संख्येवर ठरतो, म्हणून तीही तक्त्याखाली वेगळ्या ओळीत नेली.

तक्ता शेवटी असा झाला :

| प्रश्न | डे पास | हॉट डेस्क | डेडिकेटेड डेस्क |
|---|---|---|---|
| करासह दर (रु.) | दिवसाला ४१३ | महिन्याला ५,३१० | महिन्याला ६,५०० |
| आत केव्हा बसता येते? | सकाळी ९ ते सायं. ७ | सकाळी ८ ते रात्री ८ | दिवसरात्र |
| रविवारी? | नाही | नाही | होय |
| मीटिंग रूम | नाही | महिन्याला २ तास | महिन्याला ४ तास |
| लॉकर | नाही | नाही | एक |
| अनामत | नाही | एक महिन्याचे भाडे | एक महिन्याचे भाडे |
| मोफत चाचणी | नाही | एक दिवस, १० ते ५ | एक संध्याकाळ, ६ ते १० |

शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चाचणी ज्या प्लॅनची, त्याच प्लॅनच्या वेळेत व्हायला हवी. नाहीतर माणूस एक वस्तू पारखतो आणि दुसरी विकत घेतो. संध्याकाळची चाचणी मालकांनी त्या बाईंच्या प्रसंगानंतर मान्य केली.

दर एका मापात आल्यावर एक हिशोबही आपोआप सुटला. बारा दिवसांचे डे पास ४,९५६ रुपयांना पडतात, तेरा दिवसांचे ५,३६९ रुपयांना. म्हणजे महिन्यात बारा दिवसांपर्यंत येणाऱ्याने डे पास घ्यावा, तेरापासून हॉट डेस्क स्वस्त. हे वाक्य तक्त्याखाली छापले.

पत्रक बरे झाले की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवू नये. म्हणून मी वर्गातील एका मित्राला नवा कागद देऊन प्रश्न घातला : महिन्यात पंधरा दिवस, संध्याकाळी सहा ते नऊ बसायचे, तर कोणता प्लॅन, किती पैसे? त्याने मिनिटभरात डेडिकेटेड डेस्क, ६,५०० असे बरोबर सांगितले. पण दोन ठिकाणी तो अडखळला. पहिल्या मसुद्यात जी सोय नव्हती तेथे मी नुसती आडवी रेघ मारली होती. त्याला वाटले, विचारल्यास मिळत असेल. म्हणून तेथे 'नाही' असे लिहिले. 'दिवसरात्र' वाचून रात्री एसीही चालू असेल असे त्याने धरले. प्रत्यक्षात एसी नऊला बंद होतो आणि स्वागतकक्षात आठनंतर कोणी नसते. दार उघडे असणे आणि सेवा चालू असणे या दोन वेगळ्या वेळा आहेत. ते वाक्य तक्त्याच्या लगेच खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत आले. फुलीची खूण पानावरून गेली.

मालकांची शंका रास्त होती. "अरे, एवढे 'नाही' वाचून माणूस पायरी उतरून जायचा." मी म्हणालो, "साहेब, आज उतरला तर निदान पैसे न भरता उतरेल." ते हसले आणि त्यांनी पत्रक छापायला दिले. कोपऱ्यात 'या तारखेपासून लागू' ही ओळ त्यांनीच सुचवली. दर बदलला की जुना कागद खोटा ठरतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

या तक्त्याला मर्यादाही आहे. फोनवर फोटो पाठवला की अक्षर बारीक होते, म्हणून चौथा प्लॅन आला तर रकाना वाढवता येणार नाही, मांडणीच बदलावी लागेल. कचेरीतला गोंगाट किंवा खुर्चीची पाठ तर कोणत्याच तक्त्यात मावत नाही. त्यासाठी चाचणीचा दिवस आहे.

त्या बाई नंतर एका संध्याकाळी येऊन गेल्या. नवा कागद त्यांनी उभ्यानेच वाचला, बोट 'आत केव्हा बसता येते?' या ओळीवर ठेवले, आणि मला काहीही न विचारता डेडिकेटेड डेस्कचा अर्ज मागितला.