पदक कोणत्या देशाचे? : संग्रहालयाच्या अभिरक्षकांस लिहिलेले एक पत्र

आमच्या वसतिगृहातील नववीच्या एका विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुटीनंतर धरणगावच्या आपल्या घरून एक पदक आणले. पाच टोकांची एक काळपट तारका, वर चंद्रकोर आणि अडकवण्याची कडी. आजीच्या पत्र्याच्या पेटीत ते वर्षानुवर्षे पडून होते. त्यावर अनोळखी अक्षरांची एक ओळ होती. "हाई मोडी शे," असे आजीचे म्हणणे. शेजारच्या एका गृहस्थांच्या मते ती उर्दू, म्हणून पदक निजामाचे. जुनी भांडी विकत घेणारा एकजण वजनावर पैसे द्यायला तयार होता. मुलाचे खापरपणजोबा पलटणीबरोबर "दर्यापार" गेले होते एवढी एकच आठवण त्या घरात उरली होती, आणि तिला दुसरा कोणताही पुरावा नव्हता. पदक मोडीत गेले असते तर ती आठवणही निव्वळ सांगोवांगीची राहिली असती.

धरणगावात पलटण म्हटली की जाणकारांना प्रथम आठवते ती खानदेश भिल्ल पलटण. १८२५ साली जेम्स ऑट्रम याने ती उभारली आणि तिचे ठाणे धरणगावातच होते. परंतु त्या पलटणीचे कार्यक्षेत्र मुख्यतः खानदेशातील डोंगरदऱ्या. दर्यापारच्या आठवणीशी तिचा मेळ बसेना. तेव्हा नाणी व पदके जाणणाऱ्या एका संग्रहालयाच्या अभिरक्षकांना, म्हणजे ज्यांना आपण क्युरेटर म्हणतो त्यांना, पत्र लिहावे असे ठरले. ते पत्र कसे घडले हे येथे सांगतो, कारण पहिला मसुदा वाचून कोणताही अभिरक्षक काहीच सांगू शकला नसता.

पहिला मसुदा तीन ओळींचा होता. घरी जुने कांस्यपदक सापडले आहे, त्यावर परकी अक्षरे आहेत, ते कोणत्या देशाचे व त्याची किंमत किती ते कळवावे. सोबत अक्षरांची पेन्सिलीने काढलेली नक्कल होती. मी पदक हाती घेऊन नक्कल ताडून पाहिली, तर ती उलटी! तारकेचे टोक वर धरून मुलाने अक्षरे उतरवली होती. कडी वर धरल्यावर ओळ सरळ होत होती. अनोळखी लिपीला डोके कुठले आणि पाय कुठले हे आपल्याला कळत नाही, म्हणून पदक कसे धरले होते हे लिहिणे आवश्यक असते.

दुसरी चूक अधिक शिकण्यासारखी होती. "वरच्या बाजूला काय आहे?" असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, "सर, तिथे इंग्रजी आहे, पण झिजलंय. ते तर ओळखीचं आहे, म्हणून लिहिलं नाही." जे अनोळखी तेवढेच महत्त्वाचे, असा त्याचा समज. वास्तविक अभिरक्षकांना पदकाचा प्रत्येक भाग हवा असतो आणि पुष्कळदा ओळखीचा तुकडाच कुलूप उघडतो.

पदक चिंचेने घासून लख्ख करावे, मग अक्षरे दिसतील, असा सल्लाही घरातून आला होता. तो मानला नाही हे बरे झाले. कांस्यावरचा तपकिरी थर हा मळ नव्हे. धातूचीच ती जुनी साय आहे. चिंच, लिंबू यांतील आम्ल ती खाते आणि घासताना अक्षरांचे उंच काठ आणखी झिजतात. जे वाचायचे तेच त्यामुळे पुसले जाते. मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी ठिपके दिसली तर ती कीड समजावी. असे पदक कोरडे ठेवावे आणि ही गोष्ट पत्रात अवश्य कळवावी.

झिजलेली अक्षरे वाचण्याचा निर्धोक उपाय म्हणजे तिरपा प्रकाश. सकाळी खिडकीपाशी पदक सपाट ठेवले, ऊन बाजूने येऊ दिले आणि नेमके वरून छायाचित्र घेतले. अक्षराच्या एका बाजूस सावली पडते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी रेघ उठून येते. पदक चार वेळा फिरवून चार छायाचित्रे घेतली, कारण एका दिशेच्या उन्हात आडव्या रेघा दिसतात तर दुसऱ्या दिशेच्या उन्हात उभ्या. शेजारी मोजपट्टी ठेवली होती. नंतर मुलाने पत्र नव्याने लिहिले, ते असे :

"माननीय अभिरक्षक महोदय,

स. न. वि. वि.

मी धरणगाव, जिल्हा जळगाव येथील विद्यार्थी आहे. आमच्या घरी असलेले एक पदक कोणत्या देशाने व कोणत्या प्रसंगी दिले असावे, हे आपणांस विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पदक पाच टोकांच्या तारकेच्या आकाराचे असून तांबूस-तपकिरी धातूचे आहे. रुंदी सुमारे ४८ मिलिमीटर भरते. खालील वर्णन कडी वर धरून केले आहे. समोरच्या बाजूस मध्यभागी माणसाचे तोंड असलेला बसलेला सिंह व त्यामागे त्रिकोणी टेकड्या आहेत. त्याभोवती गोल पट्टी आहे. पट्टीच्या वरच्या भागात झिजलेली इंग्रजी अक्षरे आहेत. पहिले ई व शेवटचे टी एवढेच निश्चित वाचता येते. पुढे आकडे असावेत, त्यांपैकी १ व ८ दिसतात. पट्टीच्या खालच्या भागात अनोळखी लिपीची ओळ आहे. अक्षरांवर शिरोरेषा नाही, काही अक्षरांवर व खाली टिंबे आहेत. ओळीत चार सुटी चिन्हे एकापाठोपाठ आहेत : एक उभी रेघ, दुसरी माथ्याला आकडी असलेली रेघ, आणि शेवटची दोन इंग्रजी नऊच्या आकड्यासारखी. मागील बाजूस इंग्रजी टी व एम ही अक्षरे एकमेकांत गुंतवलेली असून वर मुकुट, चंद्रकोर व चांदणी आहे. कडेवर काहीही कोरलेले नाही. फीत शिल्लक नाही.

आमचे खापरपणजोबा पलटणीबरोबर समुद्रापार गेले होते असे घरात सांगतात. कोठे व केव्हा, ते कोणास ठाऊक नाही. पदक त्यांचेच, याला लेखी आधार नाही. पदक साफ केलेले नाही. दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे सोबत आहेत. मूळ पदक पाठविलेले नाही. आपण सांगाल तर घेऊन येऊ.

आपला नम्र"

या पत्रात किंमत विचारलेली नाही. संग्रहालये सहसा मोल सांगत नाहीत आणि तो प्रश्न दिसला की विक्रीचा संशय येतो. घरात सांगतात ते आणि डोळ्यांना दिसते ते वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवले आहे. 'हे निजामाचे पदक' असे लिहून टाकले असते, तर वाचणारा त्याच वाटेने गेला असता.

उत्तर आले ते त्या चार सुट्या चिन्हांवरून सुरू झाले होते. ती अरबी अंकांतील १२९९ ही संख्या. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे वाचतात, पण अंक आपल्याप्रमाणेच डावीकडून उजवीकडे. हे हिजरी वर्ष आहे. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून शंभर वर्षांत सुमारे तीन वर्षे कमी करावी लागतात. १२९९ मधून ३९ वजा केले तर १२६०, त्यांत ६२२ मिळवले की १८८२. काटेकोर पाहता हिजरी १२९९ नोव्हेंबर १८८१ मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर १८८२ मध्ये संपले. इंग्रजी आकड्यांतील १ आणि ८ यांच्याशी ते जुळले. ई आणि टी यांच्यामधली झिजलेली अक्षरे मग आपोआप भरून निघाली : इजिप्त, १८८२. सिंह म्हणजे स्फिंक्स, टेकड्या म्हणजे पिरॅमिड. अरबी ओळीत इजिप्तच्या खेदिवाचा, म्हणजे तेथील शासकाचा, निर्देश आहे आणि मागचे टी व एम हे खेदिव तौफिक मुहम्मद याच्या नावाचे. पदकाचे नाव 'खेदिव्ह्ज स्टार'.

येथे 'कोणत्या देशाचे?' या प्रश्नाची खरी गुंतागुंत सुरू होते. १८८२ मध्ये उराबी पाशाच्या बंडाविरुद्ध ब्रिटिशांनी इजिप्तमध्ये सैन्य उतरवले आणि १३ सप्टेंबरला तेल-एल-केबीरची लढाई जिंकली. त्या मोहिमेत मेजर-जनरल मॅकफर्सन यांच्या हाताखाली हिंदुस्थानातून गेलेली तुकडीही होती. गादी राखली म्हणून खेदिवाने ब्रिटिश बाजूच्या सैनिकांना ही तारका दिली. म्हणजे देणारा इजिप्तचा. तोही कागदोपत्री तुर्की सुलतानाचा अंकित. घडवली इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या जेन्किन्स यांच्या कारखान्यात. छातीवर लावणारा कदाचित खानदेशचा. लिपीवरून यांतले काहीच ठरत नाही. अरबी वळणाची लिपी तेव्हा इजिप्तमध्ये, तुर्कस्तानात, इराणात आणि हैदराबादेतही चाले. १९११ च्या दिल्ली दरबारच्या चांदीच्या पदकावर तर फारसी मजकूर आहे, आणि ते पदक दिले पंचम जॉर्जच्या सरकारने. मोडीचा तर्क मात्र पत्रातील एकाच वाक्याने बाद झाला होता : अक्षरांवर शिरोरेषा नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे लटकवतात.

अभिरक्षकांनी एक मर्यादाही स्पष्ट केली. ही तारका नाव न कोरताच दिली जाई. म्हणून हे पदक त्या मोहिमेचे आहे एवढेच ते सांगू शकतात. ते या घरच्या पुरुषाला मिळाले की कोणी बाजारातून आणले, हे पदक सांगत नाही. मात्र ही तारका सहसा एकटी नसे. त्याच मोहिमेसाठी ब्रिटिश सरकारने चांदीचे गोल पदक दिले होते आणि त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असे. असे काही घरात आहे का, असे त्यांनी विचारले होते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत हिंदुस्थानी सैन्याच्या पदकांच्या याद्या आहेत, पण पलटण कळल्यावाचून त्यांत एका नावाचा शोध घेणे फार कठीण.

पुढच्या सुटीत मुलाने आजीला विचारले. तिने सासूकडून ऐकलेले सांगितले : कडी असलेला एक मोठा चांदीचा "रुपया" घरात होता, राणीच्या तोंडाचा. छप्पन्नच्या दुष्काळानंतर कधीतरी सोनाराकडे देऊन त्याचे लेकराला वाळे केले. त्या वाळ्यांचे पुढे काय झाले ते तिला ठाऊक नाही. कांस्याला तेव्हा कोणी फारसे विचारत नसे, म्हणून तारका राहिली.

अभिरक्षकांना दुसरे पत्र लिहून झाले आहे. त्यात आजीचे हे सांगणे तिच्याच शब्दांत उतरवले असून ते तिने कोणाकडून ऐकले हेही लिहिले आहे. खापरपणजोबांचे नाव, वडिलांचे नाव, जात व मूळ गाव यांची नोंद सोबत जोडली आहे, कारण सैन्याच्या जुन्या कागदांत शिपायाची ओळख पुष्कळदा अशीच लिहिलेली असे. तारका सध्या आजीच्या पेटीतच, कोरड्या सुती कापडात गुंडाळलेली आहे.