सगळ्यात स्वस्त टोळी परतूरला का पाठवायची?

प्रश्न : मी बारावी वाणिज्य शाखेत आहे. असाइनमेंट प्रॉब्लेम हंगेरियन पद्धतीने सोडवताना आधी ओळींतून, मग स्तंभांतून लहान आकडा वजा करतो, शून्यांवर रेषा मारतो आणि उत्तर येतं. पण ते का येतं हे कळत नाही. आपल्या मनाने आकडे वजा केले तर खर्चच बदलत नाही का? माझे काका मोसंबीचे व्यापारी आहेत. ते म्हणतात, "एवढा खटाटोप कशाला? सगळ्यात स्वस्त टोळी आधी लावायची, बाकीच्या मागाहून." त्यांचं काय चुकतं?
— एक विद्यार्थी, अंबड (जि. जालना)

उत्तर : काकांचं फार चुकत नाही, फक्त हजार रुपये जास्त जातात. त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ. काकांनी चार बागा घेतल्यात आणि तोडणीला चार टोळ्या आहेत. प्रत्येक मुकादमाने प्रत्येक बागेचा उक्ता भाव सांगितला आहे. एका टोळीला एकच बाग द्यायची. खालचे आकडे हजार रुपयांत आहेत आणि ते मी धरलेले आहेत.

| टोळी | बदनापूर | अंबड | घनसावंगी | परतूर |
|---|---|---|---|---|
| क | 10 | 9 | 15 | 12 |
| ख | 7 | 10 | 14 | 12 |
| ग | 6 | 10 | 14 | 10 |
| घ | 8 | 10 | 10 | 14 |

काकांच्या पद्धतीने सगळ्यात लहान आकडा 6, म्हणून ग टोळी बदनापूरला. उरलेल्यांत 9 लहान, म्हणून क अंबडला. मग घ घनसावंगीला 10 मध्ये. शेवटी ख साठी परतूरच उरतं, तिथे तिचा भाव 12. एकूण 37 हजार.

आता तुमची वजाबाकी. ग च्या मुकादमाने चारही बागांचे भाव 6 हजारांनी उतरवले असं समजा. चार टोळ्या चार बागांवर 24 प्रकारे वाटता येतात. त्या प्रत्येक वाटणीत ग कुठल्या तरी एकाच बागेवर असते, म्हणून 24 च्या 24 वाटण्या बरोबर 6 हजारांनी स्वस्त होतात. खर्च बदलला, पण वाटण्यांमधला फरक तसाच राहिला, आणि आपल्याला शोधायची आहे ती सगळ्यात स्वस्त वाटणी. स्तंभाचंही तेच, कारण प्रत्येक बागेला एकच टोळी मिळते. "एकास एक" ही अट मोडली की ही वजाबाकी लंगडी पडते.

चार ओळींतून 9, 7, 6 आणि 8 गेले, म्हणजे 30. स्तंभांतून घनसावंगीचे 2 आणि परतूरचे 3 गेले, म्हणजे 5. उरलं ते असं :

| टोळी | बदनापूर | अंबड | घनसावंगी | परतूर |
|---|---|---|---|---|
| क | 1 | 0 | 4 | 0 |
| ख | 0 | 3 | 5 | 2 |
| ग | 0 | 4 | 6 | 1 |
| घ | 0 | 2 | 0 | 3 |

इथेच बहुतेकांची गाडी अडते. ख आणि ग दोघींचं शून्य एकट्या बदनापूरला आहे, आणि बाग एकच. क ची ओळ, घ ची ओळ आणि बदनापूरचा स्तंभ अशा तीन रेषांत सगळी शून्यं झाकली जातात. टोळ्या चार आणि रेषा तीन, म्हणजे वाटणी अजून जमणार नाही. एकाच ओळीत किंवा स्तंभात दोन न येणारी शून्यं जास्तीत जास्त जितकी निवडता येतात, तितक्याच कमीत कमी रेषांत सगळी शून्यं झाकली जातात, हे हंगेरीचे डेनेश केनिग आणि येनो एगेर्वारी यांच्या 1931 च्या कामातून आलं. अमेरिकी गणिती हॅरॉल्ड कून यांना केनिगच्या पुस्तकातल्या एका तळटीपेतून एगेर्वारीच्या लेखाचा सुगावा लागला. लेख हंगेरियन भाषेत होता. कूननी ग्रंथालयातून हंगेरियन शब्दकोश आणि व्याकरण आणून तो स्वतः उलगडला. 1955 मध्ये ही रीत छापताना त्यांनी तिला स्वतःचं नाव न देता हंगेरियन म्हटलं.

न झाकलेल्या आकड्यांत सगळ्यात लहान 1. तो न झाकलेल्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा आणि जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे मिळवायचा. ही पायरी सगळ्यांना जादूसारखी वाटते, पण तीही तीच जुनी वजाबाकी आहे. ख आणि ग च्या पूर्ण ओळींतून 1-1 काढला. त्यामुळे बदनापूरला त्यांची शून्यं उणे झाली, म्हणून बदनापूरच्या पूर्ण स्तंभात 1 परत घातला. ख आणि ग तिथे पुन्हा शून्यावर आल्या. क आणि घ च्या खात्यात मात्र तो 1 वाढलेला राहिला, आणि छेदबिंदू नेमके तेच आहेत. दोन काढले, एक घातला, निव्वळ 1 गेला.

आता ग ला परतूरलाही शून्य मिळालं. ख ला एकच शून्य आहे, बदनापूरचं, म्हणून आधी तिला द्या. एकच शून्य असलेल्या ओळीपासून सुरुवात करायची ती यासाठीच. ग परतूरला, क अंबडला, घ घनसावंगीला. मूळ तक्त्यातून बेरीज करा : 7 + 10 + 9 + 10 = 36 हजार.

यापेक्षा कमी होणार नाही कशावरून? आपण एकूण 30 + 5 + 1 = 36 काढून घेतले आणि शिल्लक तक्त्यात एकही आकडा उणे नाही. म्हणजे कुठलीही वाटणी 36 च्या खाली जाऊच शकत नाही. हाच तुमचा ताळा : वजा केलेल्यांची बेरीज आणि उत्तर जुळलं नाही, तर बहुधा छेदबिंदूवर मिळवायचं राहिलेलं असतं.

काकांना मात्र रेषा दाखवू नका, एवढंच सांगा. ग टोळी बदनापूरला ख पेक्षा 1 हजाराने स्वस्त आहे, पण परतूरला 2 हजारांनी. तिला बदनापूरला अडकवून काका 1 वाचवतात आणि परतूरला 2 घालवतात. टोळी स्वतः किती स्वस्त, यापेक्षा तिच्या जागी दुसरी गेली तर किती महाग पडेल, हे बघायचं.

पाच टोळ्या आणि चार बागा असतील तर शून्यांचा एक खोटा स्तंभ जोडा. तो ज्या टोळीच्या वाट्याला येईल ती घरी बसेल. एखादी टोळी परतूरला जायलाच तयार नसेल तर तिथे अवाच्या सवा मोठा आकडा टाका. पण बदनापूर उरकून तीच टोळी दोन दिवसांनी अंबडलाही जाणार असेल, तर हा प्रश्नच वेगळा झाला, तिथे ही रीत लावू नका.

आणि घासाघिशीत काकांचा हात धरणारं कोणी नसेल, तर तेही जिंकू शकतात. ग च्या मुकादमाने बदनापूरचा भाव 5 वर आणला तर दोन्ही वाटण्या 36 ला पडतात. 4 वर आणला, तर काकांचीच वाटणी 35 ला, सगळ्यांत स्वस्त.