कोपऱ्याचा गाळा महाग का, आणि आधी पैसे भरणाऱ्याला सूट किती?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र दिवाळीनंतर, कापसाचे पैसे हातात येतात त्या सुमारास, शेवगावात चार दिवसांचं शेती आणि गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरवणार आहोत. मंडप 90 फूट बाय 110 फूट, स्टॉल 10 बाय 10 फुटांचे. स्टॉलचा चौरस फुटाचा दर कसा काढावा? सगळे म्हणतात कोपऱ्याला जास्त घ्या आणि लवकर बुक करणाऱ्याला सूट द्या. पण किती, आणि कशाच्या आधारावर?
— एक वाचक, शेवगाव

उत्तर : सुरुवात मंडपाच्या नकाशापासून करा, कारण पहिली चूक तिथेच होते. तुमचा मंडप 9,900 चौरस फुटांचा आहे, पण भाडं देणारी जागा तेवढी नाही. दोन्ही बाजूंच्या कनातींना लागून नऊ-नऊ स्टॉल बसवले, मध्ये पाठीला पाठ लावून सोळा-सोळा स्टॉलचे दोन गट केले आणि फिरायला दहा फुटांच्या वाटा सोडल्या, की एकूण 50 स्टॉल होतात. म्हणजे 5,000 चौरस फूट. उरलेली जवळपास निम्मी जागा वाटा, प्रवेशद्वार, पाण्याची टाकी आणि तुमच्या टेबलासाठी जाते.

आता मैदानाचं भाडं, मंडप, वीज, जनरेटर, राखण, जाहिरात मिळून खर्च साडेचार लाख धरू. हा आकडा फक्त हिशेब समजावा म्हणून आहे, तुमचा खर्च तुम्ही घाला. मंडपाच्या एकूण क्षेत्राने भागलं तर दर 45 रुपये येतो आणि स्वस्ताईचा भास होतो. विकायच्या जागेने भागलं तर 90 येतो. पण पहिल्या वर्षी पन्नासच्या पन्नास स्टॉल जातील असं धरू नका. चाळीस जातील असं धरलं तर खर्च निघायलाच फुटामागे 112 रुपये 50 पैसे लागतात. त्यावर नफा आणि सवलतीची तजवीज धरून छापील दर 140 ठेवू. एका स्टॉलचे 14,000. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्के कर वेगळा, आणि तो वेगळा आहे हे दरपत्रकावर ठळक लिहा.

इथे एक बारीक गोष्ट. पुण्या-मुंबईचे मोठे आयोजक दर चौरस मीटरने सांगतात आणि त्यांचा नेहमीचा स्टॉल तीन बाय तीन मीटरचा, म्हणजे सुमारे 97 चौरस फुटांचा असतो. बाहेरची कंपनी आली तर ती तुमचा शंभर फुटांचा स्टॉल नऊ मीटरचा समजून पैसे मोजेल. मापाचं एकक कागदावर असू द्या.

आता कोपरा. मढीच्या यात्रेत रेवड्यांचं किंवा खेळण्यांचं दुकान लावणारा माणूस जागा बघताना आधी रस्त्याकडची बाजू किती फूट आहे ते बघतो. आत जागा किती खोल आहे ते नंतर. गिऱ्हाईक दर्शनी बाजूने येतं, खोलीने नाही. प्रदर्शनात आपण चौरस फूट विकतो, त्यामुळे ही दर्शनी बाजू हिशेबातून निसटते. कोपऱ्याचा जादा दर म्हणजे ती परत हिशेबात आणायची युक्ती. रांगेतल्या स्टॉलला दहा फूट दर्शनी बाजू मिळते, कोपऱ्याच्या स्टॉलला वीस.

मग दर दुप्पट का नाही? कारण कोपरेवाला एक भिंत गमावतो. रांगेतल्या स्टॉलला माल टांगायला तीस फूट भिंत असते, कोपऱ्याला वीसच. साड्या किंवा तयार कपडे विकणाऱ्याला भिंतच हवी असते, तो कोपरा फुकट दिला तरी नाक मुरडेल. चिवडा चाखायला देणारा किंवा फवारणी पंप चालवून दाखवणारा मात्र कोपऱ्यासाठी भांडेल. म्हणून जादा आकार साधारण 10 ते 15 टक्के ठेवतात. गटाच्या टोकाचे दोन्ही स्टॉल एकानेच घेतले तर तीन बाजू मोकळ्या मिळतात, तिथे 20 टक्क्यांपर्यंत जाता येतं. तुमच्या नकाशात असे आठ कोपरे आहेत. पण जनरेटरशेजारचा कोपरा नकाशावरच कोपरा असतो. नकाशा हातात घेऊन मैदानात चालून बघा आणि जिथून गर्दी खरंच वळणार आहे त्यालाच जादा दर लावा.

सवलतीत खरा घोळ होतो. समजा कोपऱ्याला 15 टक्के जादा आणि आधी बुकिंग करणाऱ्याला एकूण रकमेवर 15 टक्के सूट ठेवली. सगळ्यात आधी येणारा माणूस सगळ्यात चांगली जागाच उचलणार. त्याला स्टॉल पडला 16,100 वजा 15 टक्के, म्हणजे 13,685 रुपयांना. शेवटच्या आठवड्यात येऊन रांगेतली जागा घेणारा 14,000 भरतो. मोक्याची जागा साध्या जागेपेक्षा स्वस्त गेली! म्हणून सूट फक्त मूळ दरावर द्या, कोपऱ्याच्या जादा आकारावर नको. शिवाय सूट दहा टक्क्यांवर थांबवा. मग तोच कोपरा 12,600 अधिक 2,100, म्हणजे 14,700 ला जातो.

सूट म्हणजे उधारीचं व्याज असं समजून ती वाढवू नका. 1,400 रुपये सोडून तुम्ही निम्मी रक्कम, म्हणजे सहा-सात हजार, दोन महिने आधी मिळवता. कर्ज म्हणून पाहिलं तर हा महाग सौदा आहे. सूट द्यायची ती भरलेल्या नकाशासाठी. वीस चौकोनांत नावं दिसली की एकविसावा फार घासाघीस करत नाही. म्हणून सूट पहिल्या वीस स्टॉलपुरती ठेवा आणि ती निम्मे पैसे जमा झाल्यावरच लागू करा. “भाऊ, माझी जागा धरून ठेवा” या फोनवर नाव लिहिलंत, तर नकाशा भरलेला दिसेल आणि गल्ला रिकामा राहील.

आता बेरीज करू. आठ कोपरे सवलतीत गेले, 1,17,600. रांगेतले बारा सवलतीत, 1,51,200. उरलेले वीस पूर्ण दराने, 2,80,000. एकूण 5,48,800 आणि खर्च वजा जाता हाती 98,800. तेहतीस स्टॉल गेले तर खर्च जेमतेम निघतो, बत्तीसवर थांबलात तर तेरा हजारांचा खड्डा. तेहतीस हा आकडा चौघांनी पाठ करा.

शेवटच्या आठवड्यात सात-आठ स्टॉल रिकामे दिसले की हात शिवशिवतील. निम्म्या दरात ते देऊ नका. आधी पैसे भरलेल्याच्या कानावर ते दुपारपर्यंत जाईल आणि पुढच्या वर्षी तोही शेवटच्या आठवड्याची वाट बघेल. त्याऐवजी दोन बचत गटांना अर्ध्या-अर्ध्या स्टॉलमध्ये बसवा, बाकीच्या जागेत बसायला बाकडी टाका. नियम मोडला असं कुणाला वाटत नाही आणि मंडपही ओस दिसत नाही.

आणि दर छापण्याआधी स्टॉलधारकाच्या बाजूने एकदा गणित करा. चार दिवसांचे 14,000, म्हणजे रोजचे 3,500. त्याला विक्रीवर पंचवीस टक्के सुटत असतील तर नुसतं भाडं निघायला रोज 14,000 ची विक्री हवी. शेवगावच्या बाजारात पापड-लोणच्यांच्या स्टॉलवर तेवढा गल्ला होईल का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. उत्तर ‘नाही’ आलं तर दर कमी करण्याआधी मंडपाचा खर्च कमी करा.