भाडं किलोवर वाटू नकोस

अगं, तुझी वही पाहिली. किलोभर चकलीच्या खर्चात तू भाडंही धरलंयस. मीही पहिली दोन वर्षं हेच करायचे. खप घसरला की किलोवर पडणारं भाडं वाढायचं, म्हणून मी भाव वाढवायचे, आणि खप आणखी घसरायचा.

वहीचं पान उभं दुमड. डावीकडे किलोबरोबर वाढणारा खर्च: भाजणी 80, तेल 70, गॅस 10, तळणाऱ्या बाईंची किलोवारी मजुरी 50, पिशवी-लेबल 10. झाले 220. यात तेल फसवं असतं. घाण्याआधी आणि नंतर ते तोलून बघ, अंदाजाने लिहू नकोस. फेकून द्यावं लागणारं जळकं तेलही यातच धर.

उजवीकडे चकली तळो न तळो द्यावा लागणारा महिन्याचा खर्च: गाळ्याचं भाडं 9,000, मदतनिसाचा पगार 12,000, दिवाबत्ती 1,000. आणि तुझे 8,000. ते तू लिहिलेच नव्हतेस! एकूण 30,000.

तू 320 ला विकतेस, म्हणजे किलोमागे 100 रुपये सुटतात. तुझा चार्टर्ड अकाउंटंट त्याला कॉन्ट्रिब्युशन म्हणेल. तीस हजाराला शंभराने भाग: 300 किलो. तिथे ना नफा, ना तोटा. सव्वीस दिवसांच्या महिन्यात रोज साधारण 12 किलो.

आता कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, दहा टक्के कमी करा, खप वाढेल. दहा टक्के म्हणजे 32 रुपये, पण ते जातात तुझ्या शंभरातून. उरले 68. तीस हजार भागिले 68, म्हणजे साधारण 441 किलो. भाव दहाव्या हिश्श्याने उतरला आणि काम जवळजवळ दीडपट झालं. त्याला विचार, दीडपट माल उचलणार का? शिवाय एवढ्या मालाला दुसरी कढई आणि आणखी एक माणूस लागला, तर उजवी बाजूही फुगेल.

उलट वीस रुपये वाढवून बघ. 120 सुटले की 250 किलोंत खर्च निघतो. आज 400 किलो विकून 10,000 उरतात. 340 च्या भावाने तेवढेच उरायला 334 किलो पुरतात. गिऱ्हाईक तुटण्याची भीती असते, पण किती तुटलं तरी चालेल हे आधी माहीत असावं.

लग्नाची एकरकमी ऑर्डर 260 ला मागितली, तर कढई रिकामी असेल तरच घे. किलोमागे 40 तर सुटतात. मात्र तो भाव रोजच्या दुकानदाराच्या कानावर जाऊ देऊ नकोस, आणि दिवाळीत तर मुळीच नको. तेव्हा त्याच कढईत 320 चं गिऱ्हाईक उभं असतं.

माझ्या कॅलेंडरवर मी तीनशेवा किलो गेला त्या तारखेला गोल करायचे. एकदा तो गोल 20 वरून 25 वर सरकला. त्या महिन्यात खप कमी होता. पुढच्या महिन्यात तारीख तीच राहिली, तरी हातात पैसे कमीच. तेलाचा डबा महागला होता, आणि मी अजून तीनशेच मोजत होते.