शंका-समाधान : तक्रार समितीची चौकशी टिकते कशी, कोसळते कशी?

कामगार कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. तिन्ही पत्रे 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याविषयी आहेत.

शंका : जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्याच्या मालकांनी मला सांगितले, "आमच्याकडे बायका चारच आहेत, त्याही ठेकेदाराच्या. समिती नेमायची आम्हाला गरज नाही." हे बरोबर आहे का? – एक विद्यार्थिनी, जळगाव

समाधान : नाही. या उत्तरात दोन चुका आहेत आणि खानदेशातल्या डाळ मिलपासून जिनिंगपर्यंत त्या सर्रास ऐकू येतात.

पहिली चूक मोजणीची. दहा किंवा अधिक कामगार असले की अंतर्गत समिती हवीच, आणि या दहांत पुरुषही धरायचे असतात. मशीनवर पंधरा पुरुष आणि पॅकिंगला चार बायका असतील तर समिती बंधनकारक आहे. दुसरी चूक ठेकेदाराच्या नावाखाली होते. कलम 2(फ) मधल्या कर्मचारी या व्याख्येत रोजंदारीवरचे, तात्पुरते, शिकाऊ आणि ठेकेदारामार्फत आलेले सगळे येतात. मूळ मालकाला ठेकेदारीची माहिती नसली तरीही फरक पडत नाही. पगार कोण देतो यावर हा हक्क अवलंबून नाही.

समितीची प्रमुख त्याच आस्थापनेतली वरिष्ठ पदावरची महिला असते. सोबत किमान दोन कर्मचारी सदस्य आणि स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती हवी. निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात. बाहेरची व्यक्ती कागदावरच असेल, बैठकीला कधी येत नसेल, तर तिला नेमण्यामागचा हेतूच संपतो. वरिष्ठांचा दबाव समितीवर येऊ नये म्हणून तर ती जागा ठेवली आहे.

कामगार खरोखरच दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. जळगाव असो वा धुळे, तालुक्यातल्या समन्वय अधिकाऱ्याकडे तक्रार दिली तर त्याने ती सात दिवसांत स्थानिक समितीकडे पोचवायची असते. म्हणजे चारच जणी असलेल्या दुकानातली बाईही वाऱ्यावर सोडलेली नाही.

शंका : चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. मग समितीने दररोज बैठक घेऊन ती पंधरा दिवसांत उरकली तर तक्रारदार महिलेचे भलेच होईल ना? – एक विद्यार्थी, धुळे

समाधान : तुमची तळमळ योग्य आहे, पण घाईचा फटका शेवटी तक्रारदार महिलेलाच बसतो. यासाठी ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य हा 12 मे 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुळातून वाचा.

गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध 2009 मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. तेव्हा हा कायदा नव्हता, विशाखा निकालाची मार्गदर्शक तत्त्वे लागू होती. विद्यापीठाच्या समितीने सुरुवात रीतसर केली. मे महिन्यात मात्र एकामागून एक बैठका होऊ लागल्या, कधी एकाच दिवशी एकाहून अधिक. गैरअर्जदाराने आजारपणाचे कारण देऊन मुदत मागितली, तरी काम एकतर्फी पुढे गेले आणि 5 जून 2009 रोजी अहवाल तयार झाला. 2010 मध्ये बडतर्फी झाली आणि 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती रद्द केली आणि प्रकरण 5 मे 2009 च्या टप्प्यावर परत पाठवले. आरोप खोटे आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही. बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, एवढ्याच मुद्द्यावर सगळे फिरले. तक्रार करणाऱ्या मुलींच्या दृष्टीने याचा अर्थ पाहा : चौदा वर्षांनी पुन्हा तोच विषय, पुन्हा तेच जबाब.

म्हणून 2013 च्या नियमांतला नियम 7 पाठ करण्यापेक्षा त्यातला क्रम समजून घ्या. तक्रार आली की सात कामकाजाच्या दिवसांत तिची प्रत गैरअर्जदाराला द्यायची. त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत कागदपत्रे आणि साक्षीदारांच्या नावांसह उत्तर द्यायचे. एवढ्यातच जवळजवळ महिना जातो. उरलेल्या दोन महिन्यांत दोन्ही बाजूंचे जबाब, साक्षीदार आणि प्रश्नोत्तरे होतात. समोरासमोर उलटतपासणी तक्रारदाराला जाचक ठरत असेल, तर गैरअर्जदाराकडून लेखी प्रश्न घेऊन समितीने ते विचारावेत. संधीही मिळते आणि तिचा अवमानही टळतो. कोणत्याही बाजूला वकील आणता येत नाही, आणि प्रमुखासह किमान तीन सदस्य हजर नसतील तर बैठक धरता येत नाही.

एकतर्फी निर्णयाचा अधिकार समितीला आहे, पण सबळ कारणाशिवाय सलग तीन सुनावण्यांना गैरहजर राहिल्यावरच, तोही पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन. चौकशी टिकेल की नाही हे ओळखायला फाइल उघडा. प्रत दिल्याची पोच, प्रत्येक बैठकीच्या हजेरीवरच्या सह्या आणि मुदतीच्या अर्जावर दिलेले सकारण उत्तर दिसत नसेल, तर निष्कर्ष कितीही खरा असला तरी तो अपिलात डळमळतो.

शंका : चौकशी समिती करणार, मग मालकाचे काम अहवाल आल्यावरच सुरू होते का? – एक विद्यार्थिनी, अमळनेर

समाधान : मालकाचे काम तक्रारीच्या आधीच सुरू होते. समिती नेमल्याचा आदेश आणि छळाचे परिणाम ठळक जागी लावणे, कामगारांसाठी प्रशिक्षण घेणे, ही कलम 19 मधली कर्तव्ये आहेत. चौकशी चालू असताना साक्षीदारांना हजर करणे आणि मागितलेली माहिती देणे त्याच्यावरच आहे. महिलेला पोलिसांकडे तक्रार करायची असेल तर मदतही त्यानेच करायची.

चौकशीदरम्यानचा काळ सर्वांत नाजूक असतो. महिलेने लेखी मागणी केली तर समिती तिची किंवा गैरअर्जदाराची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, किंवा तिच्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये, अशा शिफारसी करू शकते आणि मालकाला त्या अमलात आणाव्या लागतात. तिने न मागताच "तुझ्या भल्यासाठी" तिलाच दुसऱ्या शिफ्टला पाठवणे ही मदत नव्हे. तिला ती शिक्षाच वाटते, आणि इतर बायका त्यावरून धडा घेतात की बोलायचे नाही.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल मालकाकडे आणि दोन्ही पक्षांकडे जातो. शिफारशीवर मालकाने 60 दिवसांत कृती करायची, आणि नाराज पक्षाला 90 दिवसांत अपील करता येते. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. हेतुपुरस्सर खोटेपणा वेगळ्या चौकशीने सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर कारवाई करता येत नाही, हे कलम 14 स्पष्ट सांगते.

उद्या तुमच्यापैकी कोणी समितीवर बाहेरची सदस्य म्हणून जाईल, कोणी कारखान्याचा सल्लागार होईल. तिथे पहिल्या दिवशी दोन कागद मागा : समिती नेमल्याचा आदेश आणि मागच्या वर्षीचा अहवाल. ते नसतील तर मालकाला सांगा की समितीच न नेमल्यास कलम 26 प्रमाणे 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा तेच घडल्यास दुप्पट दंड होतो, परवानाही रद्द होऊ शकतो.