साठा दोन लाखांनी चुकला, तर खर्च कोणाच्या माथी?

कापड दुकानाची एक भागीदारी पेढी घ्या. भागीदार दोन, वाटा निम्मा-निम्मा. वर्षाची विक्री ५० लाख, सुरुवातीचा साठा ८ लाख, खरेदी ४१ लाख. ३१ मार्चला दुकानात खरेदी किमतीने ९ लाखांचा माल होता. पण एका मांडणीवरच्या साड्या दोघांनी आपापल्या कागदावर उतरवल्या आणि बेरीज ११ लाख झाली.

सुरुवातीचा साठा आणि खरेदी यांतून अखेरचा साठा वजा केला की विकलेल्या मालाची किंमत निघते. ती ४० लाख असायची, ३८ लाख आली. पगार-भाड्याचे ७ लाख काढल्यावर निव्वळ नफा ३ ऐवजी ५ लाख दिसला. पेढीला आयकर उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे ९३,६०० ऐवजी १,५६,००० रुपये भरले.

पुढच्या वर्षी तेच ११ लाख सुरुवातीचा साठा होतात. विक्री आणि खर्च तेवढेच, खरेदी ४० लाख, अखेरचा साठा या खेपेला नीट मोजून ९ लाख. विकलेला माल ४२ लाखांचा दिसतो, नफा १ लाखावर येतो आणि कर ३१,२०० रुपये. दोन वर्षांचा नफा सहा लाखच, करही तेवढाच. मग नुकसान काय? जादा भरलेले ६२,४०० रुपये वर्षभर अडकले. कॅश क्रेडिटवर १० टक्के व्याज असेल, तर सुमारे ६,२४० रुपये.

एवढ्यावर भागले तर नशीब. एक भागीदार ३१ मार्चलाच निवृत्त झाला असेल, तर करानंतर उरलेल्या खोट्या १,३७,६०० रुपयांतले ६८,८०० तो घेऊन जातो. पुढच्या वर्षीची घट मात्र राहिलेल्याला सोसावी लागते. पेढीचा हिशेब जुळतो, माणसांचा नाही.

याहून महाग पडते ती गुपचूप दुरुस्ती. चूक ध्यानात आल्यावर मुनीम मागचे वर्ष तसेच ठेवून नव्या वर्षाचा सुरुवातीचा साठा ९ लाख लिहितो. मग चूक उलटतच नाही. दोन लाख न झालेल्या नफ्यावरचा कर कायमचा जातो. विवरणपत्राची मुदत असेल तर मागचेच वर्ष सुधारा, नाहीतर ११ लाख पुढे ओढा. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरणाऱ्याला मात्र या चुकीने कर बदलत नाही.

चूक ओळखायची ती ढोबळ नफ्याच्या टक्केवारीवरून. इथे दरवर्षीचे २० टक्के आधी २४ झाले, मग १६. भाव आणि गिऱ्हाईक तेच असताना असा झोका दिसला, तर मोजणीचे कागद काढा. एप्रिलमध्येच शंका आली, तर आजचा माल मोजा, त्यात १ एप्रिलपासून विकलेला माल खरेदी किमतीने मिळवा आणि त्या काळातली खरेदी वजा करा. ३१ मार्चचा आकडा हाती येतो.