पंगतीतील सहा मने

प्रश्न : माझ्या कादंबरीत सहा माणसे एकत्र जेवतात आणि प्रत्येकाचा हेतू निराळा आहे, पण प्रसंगाचा नुसता गलबला होतो. काय करावे?

उत्तर : सहाही हेतू एकाच वस्तूभोवती बांधावेत. समजा, वाडा विकण्याचे घाटत आहे आणि दस्तऐवज आजींच्या पेटीत आहेत : थोरल्यास त्यांची सही हवी, धाकट्यास मुदत, सुनेस स्वतंत्र बिऱ्हाड, आत्यास हिस्सा, नातवास शिक्षणाचा खर्च, आणि आजींस याच घरात मरण. वाड्याचे नाव मात्र कोणीही काढू नये. थोरल्याने "आई, जिना आता तुला झेपत नाही" म्हणावे, आत्याने माहेरच्या आमटीची आठवण काढावी, आणि आजींनी उत्तर न देता नातवाच्या पानात तूप वाढावे. दोघांचा संवाद चालू असता तिसऱ्याने वाढण्याच्या निमित्ताने तो तोडावा, म्हणजे बोलणाऱ्यांची जोडी आपोआप बदलते; आणि जो गप्प आहे, त्याचा हात कोणत्या वाक्याला थांबला एवढेच नोंदवावे. मग नावे झाकून वाचावे. वक्ता ओळखू येत नसेल, तर दोष बहुधा भाषेचा नसतो. त्या क्षणी त्या पात्राला काही हवेच नसते. असे वाक्य, ते कितीही सुंदर असो, काढून टाकावे.